स्क्रीनवर ≠ दिसतंय, पण कीबोर्डवर ते बटण आहे कुठे? कोडिंगचा फॉन्ट आणि लिगेचरची भानगड

माझी मावसबहीण सध्या पायथन शिकतेय, व्हिडिओ बघून बघून. परवा तिचा फोन आला, "दादा, व्हिडिओत जे लिहिलंय तेच लिहिलंय मी, अक्षर न् अक्षर तपासलं, तरी एरर येतेय." मी म्हटलं वाचून दाखव. तिने वाचलं, "इफ उत्तर बरोबर नाही सात". मला वाटलं ठीक आहे, म्हणजे `!=` लिहिलंय, मग चूक दुसरीकडे असणार, आणि मी तिला कोलन बघ, स्पेस बघ असं करत वीस मिनिटं घालवली. शेवटी तिने फोटो पाठवला आणि एररची ओळ वाचली तेव्हा कळलं.

```
    if uttar ≠ 7:
             ^
SyntaxError: invalid character '≠' (U+2260)
```

तिने खरोखरचं ≠ टाकलं होतं. व्हिडिओत तेच दिसत होतं, कीबोर्डवर सापडेना, म्हणून तिने वर्ड प्रोसेसरच्या चिन्हांच्या यादीतून शोधून कॉपी करून आणलं होतं. बिचारीने केवढी मेहनत घेतली त्या एका चिन्हासाठी! आणि शिकवणाऱ्याने ते कधी टाइप केलेलंच नव्हतं, त्याने `!` आणि `=` अशी दोनच बटणं दाबली होती, बाकीचं त्याच्या फॉन्टने केलं.

तिची चूक होती असं मला अजिबात वाटत नाही, जे दिसलं ते तिने लिहिलं. पण हे असं का होतं, फॉन्ट नेमकं काय करतो आणि नव्याने शिकणाऱ्याने कुठला फॉन्ट घ्यावा, हे नीट सांगितलेलं मराठीत फारसं दिसत नाही म्हणून लिहितोय.

## आधी मोनोस्पेस म्हणजे काय ते बघू

शाळेतली गणिताची चौकटीची वही आठवा. एका चौकटीत एकच आकडा, मग तो १ असो की ८, त्यामुळे एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक येतं आणि बेरीज चुकत नाही. मोनोस्पेस फॉन्ट म्हणजे अक्षरांसाठी तशी वही, प्रत्येक अक्षराला सारख्याच रुंदीची चौकट. आपण एरवी जे वाचतो, बातम्या, मेसेज वगैरे, तिथे इंग्रजी `i` ला थोडी जागा आणि `m` ला भरपूर जागा मिळते, वाचायला ते छानच असतं, पण कोडमध्ये ते नडतं.

का नडतं? वरचीच एरर बघा ना. पायथनने खाली एक `^` टाकलाय, तो चुकीच्या अक्षराच्या बरोब्बर खाली यायला हवा, आणि तो येतो फक्त सगळ्या चौकटी सारख्या असल्या तरच. दुसऱ्या फॉन्टमध्ये तो सरकून भलत्याच अक्षराखाली बसेल आणि तुम्ही तिथे चूक शोधत बसाल. शिवाय पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या स्पेसला अर्थ असतो, ओळ ब्लॉकच्या आत आहे की बाहेर हे त्यावरून ठरतं, आणि साध्या फॉन्टमध्ये स्पेस इतकी बारीक असते की तीन आहेत की चार हे डोळ्याला कळतच नाही.

ही पद्धत टाइपरायटरपासूनची आहे. तिथे प्रत्येक बटण दाबल्यावर कागद सारखाच सरकायचा, म्हणून अक्षरंही सारख्या रुंदीची काढावी लागली. कुरियर हा फॉन्ट आयबीएमच्या टाइपरायटरसाठी १९५० च्या दशकात तयार झाला, त्यात `i` च्या वर-खाली आडव्या रेघा आहेत त्या चौकट भरून काढायला दिल्यात, नाहीतर तो एकटा मधोमध बारीक उभा राहिला असता.

## मग कुठलाही मोनोस्पेस चालेल का?

नाही. चौकट सारखी आहे एवढ्याने भागत नाही, चौकटीतली अक्षरं एकमेकांपासून वेगळी ओळखू यायला हवीत. सुंदर दिसतो का हा प्रश्न नंतरचा. माझी पद्धत सोपी आहे, खालची ओळ एडिटरमध्ये टाकायची, रोज जेवढा साइज वापरता तेवढाच ठेवायचा, मोठा करायचा नाही, आणि नेहमी बसता तेवढ्याच अंतरावरून बघायचं.

```
0O  1lI|  rn m  {(  ;:  ,.  '`  "“”  -–—
```

शून्य आणि कॅपिटल ओ वेगळे दिसतायत का? एक, स्मॉल एल, कॅपिटल आय आणि उभी रेघ हे चारही वेगळे वाटतायत का? `{` आणि `(` मध्ये पटकन फरक कळतो का, कारण हे दोन थकलेल्या डोळ्यांना सगळ्यात जास्त फसवतात. आणि शेवटच्या आडव्या रेघांच्या आधीचे जे आहेत, सरळ अवतरण आणि वाकडी अवतरणं, हे नवशिक्यांसाठी फार महत्त्वाचं आहे कारण वर्ड प्रोसेसरमधून कोड कॉपी केला की सरळ अवतरणाचं गुपचूप वाकडं होऊन येतं आणि पायथन ते स्वीकारत नाही.

या चाचणीत कुरियर न्यू नापास होतो असं माझं मत. त्याच्या शून्यात ना टिंब ना तिरपी रेघ, ओ च्या शेजारी ठेवलं तर अंदाजच लावावा लागतो, `1` आणि `l` तर जुळी भावंडं, आणि रेघा इतक्या बारीक की स्क्रीनवर फिकट वाटतात. कन्सोलासमध्ये शून्याला तिरपी रेघ आहे, सोर्स कोड प्रो आणि फिरा कोडमध्ये आत टिंब आहे, हे सगळे पास.

हे काही चोखंदळपणाचे चाळे नाहीत. पायथनचे कोड लिहिण्याचे जे अधिकृत संकेत आहेत, पीईपी ८ नावाचे, त्यात स्पष्ट म्हटलंय की `l`, `O` आणि `I` ही एकेकटी अक्षरं व्हेरिएबलचं नाव म्हणून वापरू नका, कारण काही फॉन्टमध्ये ती एक आणि शून्यापासून वेगळी ओळखू येत नाहीत. म्हणजे फॉन्टच्या दोषामुळे भाषेच्या संकेतात नियम घालावा लागला!

एक आपल्या कामाची गोष्ट, कोडमध्ये मराठीत कमेंट लिहिणार असाल तर कोडिंगच्या बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात, मग सिस्टम दुसऱ्या फॉन्टमधून ती उसनी आणते आणि त्या ओळीपुरती चौकट मोडते. त्याने कोड बिघडत नाही, फक्त त्या ओळीत उभी रांग जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

## लिगेचर म्हणजे कोडमधलं जोडाक्षर

आता मुख्य विषय. लिगेचर हा शब्द अवघड वाटतो पण मराठी माणसाला ही गोष्ट आधीच माहीत आहे. आपण कॉम्प्युटरवर क्ष टाइप करतो तेव्हा आत तीन गोष्टी साठवल्या जातात: क, हलन्त आणि ष. स्क्रीनवर मात्र एकच आकार दिसतो, ज्यात ना क नीट दिसतो ना ष. पायथनला विचारून बघा.

```python
print(len("क्ष"))   # 3
print(len("!="))    # 2
```

क्ष तीन, आणि `!=` कसंही दिसलं तरी दोन. बऱ्याच ठिकाणी क्ष च्या पुढे जाऊन एकदा बॅकस्पेस दाबलं तर पूर्ण अक्षर जात नाही, नुसता ष जातो आणि क् उरतो. `!=` च्या लिगेचरचंही तेच, एकदा बॅकस्पेस आणि ≠ नाहीसं होऊन `!` उरतं. यामागचं तंत्रही एकाच घरातलं आहे, फॉन्टच्या फाइलमध्ये नियम लिहिलेले असतात की अमुक खुणा शेजारी आल्या तर त्यांच्याऐवजी तमुक आकार दाखव.

कोडिंग फॉन्टमध्ये यात एक हुशारी करावी लागते. दोन खुणांचा एक आकार केला आणि त्याला एकच चौकट दिली तर पुढची सगळी ओळ एक घर मागे सरकेल आणि चौकटीच्या वहीचा अर्थच संपेल. म्हणून फिरा कोडसारखा फॉन्ट पहिल्या खुणेच्या जागी रिकामी चौकट ठेवतो आणि दुसरीच्या जागी असा रुंद आकार ठेवतो जो मागच्या रिकाम्या चौकटीवरही पसरतो. दिसतं एक चिन्ह, जागा व्यापतं दोन घरांची. फाइलमध्ये काहीही बदलत नाही, कॉपी करून दुसरीकडे टाकलं तर `!=` च येतं.

आणि इथेच आपलं जोडाक्षराचं उदाहरण तुटतं, ते कुठे तुटतं हे समजून घेणं जास्त महत्त्वाचं आहे. क्ष आपल्याला शाळेत शिकवलेला असतो, तो सगळीकडे क्ष च दिसतो, पुस्तकात, पाटीवर, फोनवर. कोडमधलं ≠ मात्र फक्त त्या एका माणसाच्या स्क्रीनवर असतं, ज्याने तो फॉन्ट टाकलाय आणि सेटिंग चालू केलंय. शेजारच्या स्क्रीनवर तोच कोड वेगळा दिसतो, आणि नव्या माणसाला हे कोणी सांगितलेलंच नसतं.

## नवशिक्या अडकतो तो नेमका कुठे

≠ चं प्रकरण त्यातल्या त्यात बरं, कारण लगेच एरर येते आणि एररमध्ये चिन्हाचा नंबरसुद्धा छापून येतो. पण माझ्या बहिणीच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. तिने व्हिडिओतलं बघून तोच फॉन्ट स्वतःच्या एडिटरमध्येही टाकला होता. त्यामुळे एका ओळीत तिने चिकटवलेलं खरं ≠, दुसऱ्या ओळीत कुठून तरी कॉपी केलेल्या कोडमधलं `!=`, आणि दोन्ही तिच्या डोळ्यांना सारखीच. एक ओळ चालते, दुसरी चालत नाही, फरक काय ते दिसतच नाही. अशा वेळी माणूस स्वतःच्या बुद्धीवर शंका घ्यायला लागतो आणि याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

ओळखायचं कसं? कर्सर त्या चिन्हाच्या आधी ठेवा आणि उजव्या बाणाचं बटण दाबा. एकदा दाबल्यावर कर्सर चिन्हाच्या पोटात जाऊन थांबला आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर बाहेर आला तर ते लिगेचर आहे, आत दोन खुणा आहेत. एकाच दाबात पलीकडे गेला तर ते खरं एकटं चिन्ह आहे. नीट बघितलं तर रुंदीतही फरक असतो, लिगेचर दोन घरांचं आणि खरं चिन्ह साधारण एका घराचं, पण शिकणाऱ्याला ते कुठून कळणार.

याहून वाईट प्रकार `==` चा. लिगेचर चालू असलं की दोन बरोबरच्या चिन्हांमधली फट बुजते आणि एक लांब बरोबर दिसतं. ज्याला माहीत आहे त्याला लांब म्हणजे दोन, आखूड म्हणजे एक. ज्याला माहीत नाही तो म्हणतो हे बरोबरचं चिन्ह आहे, आणि एकदाच दाबतो. पायथनच्या ३.१० पासूनच्या आवृत्त्या अशा वेळी चांगल्या वागतात, `if x = 5:` लिहिलं तर तुम्हाला `==` म्हणायचं होतं का असं एररमध्येच विचारतात. पण सी मध्ये बघा.

```c
if (x = 5) {
    printf("pach aahe\n");
}
```

हा कोड चालतो. `x` मध्ये आधी काहीही असो, इथे त्यात ५ भरला जातो, ५ म्हणजे शून्य नाही म्हणून अट खरी ठरते, आणि दरवेळी छापलं जातं. कंपायलरला `-Wall` देऊन इशारे चालू ठेवले असतील तर तो टोकतो, नाहीतर काही कंपायलर गप्प बसतात. जावास्क्रिप्टमध्येही हे चालून जातं आणि तिथे वर `===` पण आहे, लिगेचरमध्ये त्याच्या एकाखाली एक तीन रेघा होतात. तीनदा बरोबर दाबल्यावर तीन आडव्या रेघा होतात हे बघून कोणाला सुचेल सांगा.

आणि एक उदाहरण असं आहे जिथे फॉन्ट चक्क चुकीचा अर्थ दाखवतो. व्हेरिलॉग म्हणून भाषा आहे, चिपमधली सर्किट्स तिच्यात लिहितात.

```verilog
count <= count + 1;
```

इथे `<=` चा अर्थ "पेक्षा लहान किंवा समान" नाही, उजवीकडची किंमत डावीकडच्यात भर असा आहे. फिरा कोडमध्ये लिगेचर चालू ठेवून ही ओळ बघितली तर ≤ दिसतं, आणि वाचणारा म्हणतो, काउंट हा काउंट अधिक एकपेक्षा लहान किंवा समान, मग तो तर असणारच, ही ओळ लिहिलीच कशाला! फॉन्टला फक्त शेजारची खूण दिसते, भाषा कुठली आणि अर्थ कुठला हे त्याला कळू शकत नाही. अवतरणातल्या मजकुरातही तो तसंच करतो, तुम्ही स्ट्रिंगमध्ये `"!="` लिहिलं असेल तरी दाखवणार ≠. मॅथ्यू बटरिक हे टायपोग्राफीवर लिहिणारे गृहस्थ आहेत, त्यांचा लिगेचरवरचा आक्षेप साधारण हाच आहे, आकार बदलताना अर्थ तपासलेला नसतो त्यामुळे कधी ना कधी चुकीचा अर्थ दिसणारच.

## "पण फाइल तर बदलत नाही, मग नुकसान काय?"

हे मला नेहमी ऐकवलं जातं आणि अर्धं खरं आहे. कॉम्प्युटरचं नुकसान काहीच नाही. पण शिकणारा माणूस फाइल वाचत नाही, तो स्क्रीन वाचतो, आणि व्हिडिओ, स्क्रीनशॉट, छापलेल्या नोट्स यातून तर कॉपी-पेस्टही करता येत नाही, जे दिसलं ते बघून हाताने टाइप करायचं असतं. तिथे दिसणं आणि लिहिणं यात फरक पडला की संपलं.

## "वाचायला तर सोपं जातं की"

जातं, खरंच जातं, मी नाकारणार नाही. फिरा कोड बनवणारे निकिता प्रोकोपोव यांचं म्हणणं असं की `->` किंवा `<=` हे डोक्यात एकच चिन्ह असतं, मग डोळ्यांना दोन-तीन तुकडे जोडायला का लावायचं. वर्षानुवर्षं कोड लिहिणाऱ्याला हे पटतं कारण त्याच्या डोक्यात ते जुळलेलं असतं आणि बोटांनाही पाठ असतं. त्याला एक फायदाही होतो, चुकून `=!` असं उलटं टाइप झालं किंवा मध्ये स्पेस पडली तर ≠ बनत नाही आणि चूक तिथल्या तिथे दिसते.

पण हा फायदा मिळतो कोणाला? ज्याला आधीपासून माहीत आहे की ≠ बनायला हवं होतं त्याला. नवा माणूस अजून `!` म्हणजे नाही आणि `=` म्हणजे बरोबर, दोन्ही मिळून बरोबर नाही, हे जुळवण्याच्याच पायरीवर असतो, आणि ती जुळवाजुळव त्याला दिसायला हवी. लहान मुलाला आपण आधी क आणि ष वेगवेगळे गिरवायला लावतो, मग क्ष.

गणित आलेल्या मुलांना ≠ ओळखीचं असतं म्हणून सोपं, असंही कोणी म्हणेल. वाचायला ओळखीचं, कबूल. पण कोडिंग शिकताना लिहिणं वाचण्याइतकंच असतं आणि लिहिताना ती ओळख उपयोगाची नाही, उलट तीच ओळख माझ्या बहिणीला चिन्हांच्या यादीत घेऊन गेली.

## मग ठेवायचं काय आणि बंद करायचं कसं

माझं मत सरळ आहे, पहिले काही महिने बंद. `==` आणि `=` चा गोंधळ होणं थांबलं, `<=` न बघता टाइप व्हायला लागलं, की मग चालू करून बघा, आवडलं तर ठेवा. आणि शिकवणाऱ्यांना माझी खरोखर कळकळीची विनंती आहे, स्वतः एकटे काम करताना काहीही वापरा पण स्क्रीन दुसऱ्याला दाखवायची असेल, व्हिडिओ करायचा असेल, नोट्स छापायच्या असतील तर ते बंद करा.

फॉन्ट बदलायची गरज नसते. व्हीएस कोडमध्ये लिगेचर मुळात बंदच असतात, पण कोणाच्या तरी सेटिंग्ज कॉपी केल्या की त्याबरोबर चालू होऊन येतात, माझ्या बहिणीचं तेच झालं होतं. सेटिंगच्या फाइलमध्ये हे बघा.

```json
"editor.fontFamily": "'JetBrains Mono', monospace",
"editor.fontLigatures": false
```

जिथे असं सेटिंग सापडत नाही तिथे त्याच फॉन्टचा बिनलिगेचरचा जोडीदार घ्यायचा. जेटब्रेन्स मोनोची `JetBrains Mono NL` नावाची आवृत्ती आहे, `NL` म्हणजे लिगेचर नाही. कॅस्केडिया कोडमध्ये लिगेचर आहेत, कॅस्केडिया मोनोमध्ये नाहीत. फिरा कोड ज्यावरून बनला त्या फिरा मोनोमध्येही ती नाहीत. अक्षरं तशीच राहतात, फक्त जोडकाम जातं. किटी नावाच्या टर्मिनलमध्ये तर मधला मार्गही आहे, `disable_font_ligatures cursor` असं लिहिलं की कर्सर ज्या लिगेचरवर येतो तेवढंच फुटून मूळ खुणा दाखवतं, बाकी जोडलेली राहतात. मला हा प्रकार फार आवडला, चालू करायचंच असेल तर आधी असं करून बघा.

बहिणीला मी फोनवरच ती `true` ची ओळ `false` करायला सांगितली. तिने सेव्ह केलं आणि दोन सेकंदांनी म्हणाली, "अरे, सगळ्या ओळींत उद्गारचिन्ह आलं, एकाच ओळीत नाही आलं." तीच ओळ होती.